आंबलं, पण फुगलं नाही

‘पीठ आलंच नाही हो,’ ही इडलीबद्दलची नेहमीची तक्रार. पण या एका वाक्यात दोन वेगळी दुखणी दडलेली असतात. एकात पीठ आंबतच नाही. दुसऱ्यात पीठ व्यवस्थित आंबतं, पण फुगत नाही. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. म्हणून सकाळी पातेल्यावरचं झाकण काढल्यावर आधी नाक वापरावं. पिठाला कच्च्या डाळीचा वास येत असेल आणि चव सपक लागत असेल, तर ते आंबलेलं नाही. आंबूस वास येतोय, चवही आंबट आहे, पण पीठ रात्री होतं तिथेच आहे, तर आंबण्याचं काम झालं. तयार झालेला वायू मात्र निसटून गेला.

हा वायू येतो कुठून? इडलीच्या पिठात आपण यीस्ट घालत नाही, विरजणही लावत नाही. लागणारे जिवाणू उडदाच्या डाळीवर आणि तांदळावर मुळातच असतात. 1965 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी इडलीच्या पिठाचा अभ्यास केला, तेव्हा पीठ फुगवण्याचं मुख्य काम ‘ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडिस’ हा जिवाणू करतो असं दिसलं. तो पिठातली साखर खातो आणि लॅक्टिक आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही तयार करतो. आम्लामुळे आंबटपणा येतो, वायूमुळे पीठ फुगतं. हे जिवाणू डाळीबरोबरच येत असल्यामुळे पीठ हाताने कालवलं नाही म्हणून आंबलं नाही, असं होत नाही. हाताने कालवल्यावर मीठ सगळीकडे लागतं आणि डाळ-तांदूळ नीट मिसळतात, एवढा फायदा नक्की.

पीठ अजिबात आंबलं नसेल, तर पहिला संशय थंडीवर घ्यावा. या जिवाणूंना 28 ते 32 अंश सेल्सिअस तापमान मानवतं. समजा, जानेवारीतलं पुणं आहे आणि रात्री स्वयंपाकघरात 18 अंश तापमान आहे. 600 ग्रॅम तांदूळ आणि 200 ग्रॅम उडीद डाळ नळाच्या गार पाण्यात भिजवली, त्याच पाण्यात वाटली आणि रात्री दहाला स्टीलचं पातेलं दगडी ओट्यावर ठेवलं. मेमध्ये मुंबईत हेच पीठ सहा-सात तासांत वर आलं असतं. इथे सकाळी सातला त्यावर चार बुडबुडेही दिसत नाहीत. पीठ बिघडलेलं नसतं, जिवाणूही मेलेले नसतात. त्यांचं काम अतिशय सावकाश चाललेलं असतं. अशा वेळी पीठ फेकून देऊ नये. उबेला ठेवलं तर ते दुपारपर्यंत किंवा संध्याकाळपर्यंत येतं.

महत्त्वाचं आहे ते पिठाचं तापमान. खोलीचं तापमान त्यानंतर. म्हणून थंडीत वाटताना कोमट पाणी घालावं, म्हणजे पीठ सुरुवातीपासूनच तीसच्या आसपास राहतं. मग पातेलं थर्माकोलच्या खोक्यात किंवा बंद ओव्हनमध्ये ठेवावं, शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवावं आणि पाणी निवलं की बदलावं. ओव्हन सुरू करायचा नाही, पातेलं शेगडीवरही ठेवायचं नाही. पन्नास अंशांच्या पुढे गेलेल्या पिठात हे जिवाणू टिकत नाहीत. आधीच्या घाण्यातलं दोन चमचे चांगलं आंबलेलं पीठ मिसळलं, तर थंडीतही काम लवकर सुरू होतं. उन्हाळ्यात याच्या उलट करावं. मिक्सरच्या पात्यांनी पीठ तापतं, म्हणून तेव्हा बर्फाचं पाणी घालून थांबत थांबत वाटावं.

आता दुसरं दुखणं: पीठ आंबट आहे, पण बसकं आहे. इथे डाळीकडे पाहावं लागतं. वायू धरून ठेवणं हे तांदळाचं काम नाही, ते उडदाचं. भिजवलेली डाळ बोटांत चोळली की जो चिकटपणा लागतो, तो आणि डाळीतली प्रथिनं मिळून वायूच्या बुडबुड्याभोवती साबणाच्या फेसासारखा पातळ पापुद्रा धरतात. डाळ कमी पडली, जुनी निघाली किंवा भरड वाटली गेली, की हा पापुद्रा टिकत नाही आणि वायू उडून जातो. इडली मग दडस होते.

दगडी वाटणयंत्रात डाळ बराच वेळ घोटली जाते, तिच्यात हवा शिरते आणि ती कापसासारखी फुलते. तिथे चार भाग तांदळाला एक भाग डाळ पुरते. मिक्सरमध्ये तेवढी फुलत नाही, म्हणून घरी तिनास एक हे प्रमाण बरं, डाळ जुनी वाटली तर अडीचास एक. त्यापुढे डाळ वाढवली तर पीठ पातेल्यातून ओतू जाईल, पण इडली चिकट होईल आणि वाफवल्यावर चपटी बसेल. डाळ आणि तांदूळ वेगवेगळे वाटावेत: डाळ अगदी मऊ, तांदूळ किंचित रवाळ. वाटलेल्या डाळीचा थेंब वाटीभर पाण्यात सोडावा. तो तरंगला तर डाळ तयार आहे. बुडाला तर आणखी फिरवावी. पाणी बेतानेच घालावं, कारण पातळ पिठात बुडबुडे वर येऊन फुटतात.

राहिलं मीठ. मिठाने पीठ आंबत नाही, असा पुष्कळांचा समज आहे. तो प्रमाण सुटलं तरच खरा ठरतो. वर सांगितलेल्या डाळ-तांदळाचं पाण्यासकट पावणेदोन किलोच्या आसपास पीठ होतं. त्यात एक टक्का, म्हणजे सतरा-अठरा ग्रॅम किंवा सपाट तीन छोटे चमचे मीठ ल्युकोनॉस्टॉकला चालतं. नको असलेल्या काही जिवाणूंना तेच मीठ आवरतं. उडदातली काही प्रथिनं तर साध्या पाण्यापेक्षा मिठाच्या पाण्यात जास्त चांगली विरघळतात. पण प्रमाण दुप्पट झालं की आंबणं मंदावतं. त्यामुळे साधा नियम असा: उन्हाळ्यात मीठ रात्रीच घालावं, म्हणजे पीठ फार आंबट होत नाही, कडाक्याच्या थंडीत ते सकाळी, इडल्या लावण्याआधी घालावं. आयोडीनला मात्र उगाच दोष देऊ नये. अठरा ग्रॅम आयोडीनयुक्त मिठातून पावणेदोन किलो पिठात फार तर अर्धा मिलिग्रॅम आयोडीन जातं. तेवढ्याने जिवाणूंचं काही बिघडत नाही.

आंबूनही बसकं राहिलेलं पीठ उबेला ठेवून सुधारत नाही, अधिक आंबट तेवढं होतं. त्यात लावण्यापूर्वी चिमूटभर खायचा सोडा घातला तर पिठातल्याच आम्लामुळे वायू सुटतो आणि त्या दिवसाच्या इडल्या निभावतात. नाहीतर सरळ डोसे घालावेत. न आंबलेल्या पिठाला मात्र नुसता सोडा लावू नये. तिथे आम्लच नसतं, त्यामुळे इडली पिवळट होते आणि तिला सोड्याची चव येते. त्या पिठाला ऊब द्यावी आणि इडलीचा बेत संध्याकाळवर ढकलावा.