न ऐकू आलेला 'ट'

आरशासमोर उभे राहून 'कीस' आणि 'कूस' म्हणून पाहा. 'कूस'मधला क उच्चारण्याआधीच ओठ पुढच्या ऊसाठी गोल होतात. 'कीस' म्हणताना ओठ ताणलेले राहतात आणि जीभही टाळूला थोडी पुढे टेकते. कागदावर क एकच, तोंडात मात्र दोन. शेजारचे आवाज असे एकमेकांत मिसळतात, त्याला सहोच्चारण म्हणतात. मग बोलण्यात क हे सुटे एकक खरेच असते, की तो आपल्या अक्षरओळखीचा भास?

या प्रश्नावरचा एक गाजलेला पुरावा आहे 'परफेक्ट मेमरी' हे दोन इंग्रजी शब्द. अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेच्या कॅथरीन ब्राउमन आणि लुई गोल्डस्टीन यांनी १९९०च्या सुमारास त्यांची चर्चा केली. जिभेवर आणि ओठांवर चिकटवलेल्या बारीक गोळ्यांचा माग अतिसूक्ष्म क्ष-किरण झोताने घेतलेला होता. शब्द सुटे म्हटले तेव्हा 'परफेक्ट'चा ट स्पष्ट ऐकू आला. सलग म्हटले तेव्हा तो गायब. जुन्या पद्धतीने सांगायचे तर इथे ट या स्वनाचा लोप झाला.

पण आलेख वेगळेच सांगत होते. जिभेचे टोक दोन्ही वेळा दातांमागच्या हिरडीकडे जवळपास सारखेच उचलले गेले होते. फरक होता तो वेळेचा. टोक वर गेले तेव्हा मागे क साठी जीभ टाळूला टेकलेलीच होती, आणि ते खाली येण्याआधी म साठी ओठ मिटले होते. त्यामुळे ट दोन्ही बाजूंनी झाकला गेला. म्हणून या दोघांनी ध्वनींऐवजी हालचालींनाच एकक मानले. हालचाली मोजक्या आणि वेगवेगळ्याच असतात, फक्त त्या एकमेकींवर चढतात.

इथे अनेक जण 'म्हणजे स्वनिम खोटेच' असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. ती घाई आहे. लुसी एलिस आणि विल्यम हार्डकॅसल यांनी २००२मध्ये इंग्रजीतल्या 'बॅन कट्स'सारख्या जोड्या तपासल्या. बोलणाऱ्यांच्या टाळूवर विद्युत्-अग्रे बसवलेली कृत्रिम पट्टी होती, त्यामुळे जीभ कुठे टेकते ते कळे. पुढच्या क मुळे न चा उच्चार 'बँक'मधल्या अनुस्वारासारखा होऊ शकतो. काहींच्या बाबतीत जिभेचे टोक अर्धवट टेकले, म्हणजे न हळूहळू विरला. काहींचा न मात्र एक तर पुरता होता किंवा अजिबात नव्हता.

पट्टीला फक्त स्पर्श कळतो. टेकायला गेलेली पण न टेकलेली जीभ तिला दिसत नाही. म्हणून काही जणांच्या जिभेवर संवेदक लावून चुंबकीय क्षेत्रात तिची हालचालही मोजली गेली. झाकलेला ट आणि बदललेला न कानाला सारखेच फसवतात. पहिल्यात हालचाल शिल्लक असते, दुसऱ्यात बोलणाऱ्याने एका एककाच्या जागी दुसरे निवडलेले असू शकते. त्यामुळे एकाच भाषेत, एकाच जोडीसाठी दोन्ही उत्तरे खरी ठरू शकतात, आणि कोणते ते बोलणाऱ्यागणिक पाहावे लागते.