पीकची शेपटी आणि दुभंगलेले टोक

एचपीएलसी यंत्राच्या पडद्यावर सपाट रेषेतून अचानक एक उंचवटा वर चढतो आणि खाली उतरतो. त्याला पीक म्हणतात. औषधाच्या गोळीतला एकेक घटक कॉलममधून बाहेर पडून डिटेक्टरसमोर आला की असा एकेक पीक उमटतो. पीक कोणत्या मिनिटाला आला यावरून घटक कोणता ते कळते आणि पीकखालच्या क्षेत्रफळावरून तो किती आहे ते मोजता येते. पीक नीट असेल तर त्याचा चढ आणि उतार सारखे असतात. उतार लांबत गेला आणि रेषा जमिनीवर टेकायला वेळ लागू लागला, की त्याला टेलिंग म्हणतात. एका घटकाचेच टोक दोन शिखरांत फुटले, तर तो स्प्लिट पीक.

टेलिंग मोजण्याची पद्धत सोपी आहे. पीकच्या उंचीच्या ५ टक्के पातळीवर आडवी रेषा काढायची, शिखरातून उभी रेषा खाली आणायची आणि त्या पातळीवरची पूर्ण रुंदी पुढच्या भागाच्या दुपटीने भागायची. पुढचा भाग ०.१० मिनिट आणि मागचा ०.१८ मिनिट असेल, तर पूर्ण रुंदी ०.२८ मिनिट होते. तिला ०.२० ने भागले की टेलिंग फॅक्टर १.४ येतो. अगदी सममित पीकचा फॅक्टर १ असतो. बऱ्याच पद्धतींत २ ही वरची मर्यादा धरलेली असते. कारण शेपटी लांबली की क्षेत्रफळ कुठे संपवायचे हे ठरवणे कठीण होते आणि मागून येणारा लहान अशुद्धीचा पीक त्या शेपटीखाली झाकला जातो.

आकार बिघडला की पहिला संशय कॉलमवर जातो आणि अनेकदा चांगला कॉलम उगाच बदलला जातो. निदानाची खरी सुरुवात एका प्रश्नाने होते: बिघडलेले पीक कोणते आहेत? सगळे, फक्त सुरुवातीचे, की एखादाच? दोष वाटेवर असेल तर त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला तो लागतो. दोष एखाद्या घटकाच्या रसायनात असेल तर बाकीचे पीक ठीक राहतात.

सगळे पीक एकाच पद्धतीने बिघडले असतील, तर कॉलमच्या तोंडाशी पाहावे. नेहमीचा कॉलम ही २५० मिलिमीटर लांब आणि आतून ४.६ मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी असते. तिच्यात सिलिकाचे ५ मायक्रॉनचे कण घट्ट भरलेले असतात. दाब वारंवार एकदम वाढला-कमी झाला की ही भराई बसते. मोबाइल फेजचा पीएच ८ च्या वर गेला तर सिलिका हळूहळू विरघळते आणि तापमान जास्त असेल तर आणखी लवकर. दोन्ही प्रकारांत तोंडाशी पोकळी तयार होते. ही पोकळी १ मिलिमीटर खोल असली तरी तिच्यात सुमारे १७ मायक्रोलिटर द्रव मावतो, म्हणजे नेहमीच्या २० मायक्रोलिटर इंजेक्शनच्या जवळपास तेवढाच. घटकांची अरुंद पट्टी कणांत शिरण्याआधीच या पोकळीत घुसळली जाते. पोकळी एका बाजूला खचलेली असेल तर पट्टीचा एक भाग आधी पुढे जातो आणि दुसरा मागे राहतो. मग प्रत्येक पीकला दोन शिखरे येतात किंवा खांद्यासारखा फुगवटा दिसतो.

तोंडाशी बसवलेली फ्रिट, म्हणजे कणांना आत थोपवणारी सच्छिद्र चकती, अर्धवट तुंबली तरी पीक असेच दिसतात. दोघांतला फरक दाबावरून कळू शकतो. फ्रिट तुंबली की दाब चढतो, तर नुसत्या पोकळीने तो सहसा वाढत नाही. यासाठी कॉलम नवा असताना, ठरलेल्या मोबाइल फेजला आणि ठरलेल्या प्रवाहाला किती दाब होता याची नोंद हाताशी असावी लागते.

या गटातला सर्वात स्वस्त तपास गार्ड कॉलमचा आहे. मुख्य कॉलमच्या आधी बसवलेला हा छोटा तुकडा घाण आपल्यावर घेतो, त्यामुळे आधी तोच खराब होतो. तो काढून तेच सॅम्पल पुन्हा द्यावे. पीक सुधारले तर गार्ड बदलला की काम संपते. नाही सुधारले तर त्याच प्रकारचा चांगला कॉलम लावून पाहावे. दोष खरोखरच कॉलमच्या तोंडाशी असल्याचे दिसले, तर उत्पादकाची परवानगी असेल तेव्हाच कॉलम उलटा जोडून धुता येतो. त्या वेळी बाहेर पडणारा द्रव डिटेक्टरकडे न जाता थेट वेस्ट बाटलीत जायला हवा, नाहीतर निघालेली घाण डिटेक्टरच्या सेलमध्ये अडकते. काही कॉलमच्या आत येणाऱ्या बाजूची फ्रिट मुद्दाम जाड छिद्रांची असते. असा कॉलम उलटा केला तर कण बाहेर पडू लागतात. तुंबलेली फ्रिट धुऊन मोकळी होऊ शकते, पण पोकळी धुऊन भरत नाही.

बिघाड सुरुवातीच्या पीकमध्ये ठळक असेल आणि पुढे पुढे कमी होत जात असेल, तर दोन शक्यता उरतात. पहिली जोडणीची. नळी फिटिंगमध्ये तळापर्यंत टेकलेली नसेल तर टोकाशी रिकामी जागा राहते आणि तिथे पट्टी रेंगाळते. एका उत्पादकाच्या कॉलमवर घट्ट बसलेले फेरूल दुसऱ्याच्या कॉलमवर लावले की हे हमखास घडते, कारण नळी किती आत जावी हे अंतर प्रत्येकाचे वेगळे असते. चुकून जाड नळी वापरली तरी तसेच होते. ०.१७ मिलिमीटर छिद्राच्या १० सेंटिमीटर नळीत सुमारे २.३ मायक्रोलिटर द्रव मावतो, तर ०.५ मिलिमीटर छिद्राच्या तेवढ्याच नळीत जवळजवळ २० मायक्रोलिटर. उशिरा येणारे पीक मुळातच रुंद असल्याने त्यांच्यात ही भर दिसून येत नाही.

दुसरी शक्यता सॅम्पल कशात विरघळवले याची. सी-१८ कॉलममध्ये पाणी हा कमजोर द्रावक, तर मिथेनॉल आणि ॲसिटोनायट्राइल हे बलवान. सुरुवातीच्या मोबाइल फेजमध्ये ९० टक्के पाणी असताना शुद्ध मिथेनॉलमधले २० मायक्रोलिटर सॅम्पल आत गेले, तर कॉलमच्या तोंडाशी मिथेनॉलचा एक थेंब पाण्याच्या ओघातून वाहू लागतो. त्या थेंबात असलेले रेणू कणांना चिकटतच नाहीत. ते मिथेनॉलबरोबर पुढे सरकतात. थेंबाच्या कडेला पाणी मिसळलेल्या भागातले रेणू मात्र लगेच अडकतात. एकाच घटकाच्या दोन टोळ्या होतात आणि पीक दुभंगतो. उशिरा निघणारे घटक कणांना इतके घट्ट धरतात की मिथेनॉलचा तो थेंब त्यांना फारसा ओढून नेऊ शकत नाही. म्हणून त्यांचे पीक सुबक राहतात.

फक्त एखाद्याच पीकला शेपटी असेल आणि तो घटक आम्लारी, म्हणजे नायट्रोजन असलेला बेस असेल, तर कारण सिलिकाच्या पृष्ठभागावर असते. सी-१८ च्या लांब साखळ्या पृष्ठभागावरच्या सगळ्या सिलॅनॉल गटांपर्यंत पोचू शकत नाहीत, दाटीमुळे निम्म्याच्या आसपास मोकळे राहतात. पीएच ६-७ च्या सुमारास त्यांतले बरेच ऋणभारित असतात, तर बेसचे रेणू धनभारित. बहुतेक रेणू साखळ्यांवर हलकेच टेकून पुढे जातात, पण काही या ऋणभारित जागांना धरून बसतात आणि उशिरा सुटतात. हे मागे राहिलेले रेणू म्हणजेच शेपटी. पीएच ३ च्या आसपास आणला की सिलॅनॉल बहुतांशी भाररहित होतात. बफरचे प्रमाण वाढवले तर त्याचे धनभारित आयन त्या जागा आधीच व्यापतात.

हे तिन्ही प्रकार एकाच क्रोमॅटोग्राममध्ये कसे गुंफले जाऊ शकतात, हे सर्दीच्या गोळीच्या एका नमुना उदाहरणातून दिसते. गोळीत पॅरासिटामॉल, कॅफीन आणि क्लोरफेनिरामिन मॅलिएट आहेत. सॅम्पल मिथेनॉलमध्ये तयार केले आहे, इंजेक्शन २० मायक्रोलिटर, बफर फॉस्फेटचा, १० मिलिमोलर, पीएच ६. सुरुवातीला ॲसिटोनायट्राइल १० टक्के आणि पुढे वाढत जाणारे. चौथ्या मिनिटाला येणारा पॅरासिटामॉलचा पीक दुभंगलेला आहे, सातव्या मिनिटाचा कॅफीनचा ठीक आहे आणि सर्वात शेवटी येणाऱ्या क्लोरफेनिरामिनचा टेलिंग फॅक्टर २.३ आहे. दाब नेहमीइतकाच.

कॅफीन ठीक असल्याने पोकळी किंवा तुंबलेली फ्रिट यांची शक्यता जवळजवळ मिटते. त्यांनी तिन्ही पीक बिघडवले असते. पहिला प्रयोग म्हणून इंजेक्शन ५ मायक्रोलिटर केले, तर पॅरासिटामॉलचे टोक एक झाले. पण एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही, कारण या बदलाने मिथेनॉल कमी झाले आणि औषधही कमी झाले. कॉलमवर औषध जास्त पडल्यानेही आकार बिघडू शकतो. म्हणून दुसऱ्या प्रयोगात पुन्हा २० मायक्रोलिटरच द्यायचे, औषधाचे प्रमाणही तेवढेच ठेवायचे आणि सॅम्पल सुरुवातीच्या मोबाइल फेजमध्ये विरघळवायचे. आता पॅरासिटामॉलचा एकच नीट पीक आला. एकच गोष्ट बदलली होती, म्हणून दोष द्रावकाचा हे ठरले. कायमचा उपायही हाच. इंजेक्शन कमी करत राहिलो तर गोळीत मुळातच अवघ्या काही मिलिग्रॅम असलेल्या क्लोरफेनिरामिनचा पीक फार लहान होईल.

या दोन्ही प्रयोगांत क्लोरफेनिरामिनची शेपटी तशीच राहिली. म्हणजे तिचे कारण द्रावकात नाही आणि जास्त भारातही नाही. क्लोरफेनिरामिन बेस आहे, तर पॅरासिटामॉल आणि कॅफीन या पीएचला भाररहित. बफर २५ मिलिमोलर आणि पीएच ३ केला, तर त्याचा टेलिंग फॅक्टर १.४ वर आला. त्याची वेळ मात्र अलीकडे सरकली आणि बाकीच्या दोघांची जवळपास तीच राहिली. या गोळीत आणखी एक फसवी जागा आहे. मॅलिएटचा स्वतःचा वेगळा पीक लवकर येतो आणि पीएच बदलला की त्याची जागाही बदलते. तो पॅरासिटामॉलजवळ आला तर दुभंगलेल्या पीकसारखा भासतो. मॅलेइक आम्लाचे शुद्ध द्रावण स्वतंत्रपणे दिले की तो ओळखता येतो. खरोखर दोन पदार्थ असतील तर इंजेक्शन कमी केल्यावरही दोन्ही शिखरे राहतात.

पीएच बदलणे हा सॅम्पलचा द्रावक बदलण्यासारखा साधा फेरफार नाही. त्याने घटकांच्या वेळा आणि कधी क्रमही बदलतो, म्हणून ती पद्धत नव्याने तपासून सिद्ध करावी लागते. पद्धत फार्माकोपियातली असेल तर बदलाला ठरावीक मर्यादाच असतात. तिथे पीएचला हात न लावता, त्याच वर्गातला पण बेससाठी चांगला सिलॅनॉल झाकलेला, म्हणजे एंड-कॅप केलेला कॉलम निवडणे हा मार्ग उरतो. आणि कॉलम बदलायचाच असेल, तर आधी टोल्युइनसारखा भाररहित पदार्थ जुन्या कॉलममधून एकदा चालवून पाहावा. त्याचा पीक नीट आला, तर कॉलमच्या भराईत दोष नाही.