हृदय साइन तरंग काढत नाही

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस, २२ डिसेंबर, २०१२ सालापासून आपल्याकडे राष्ट्रीय गणित दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळा-कॉलेजांतली बहुतेक भाषणं रामानुजन यांच्या चरित्रावर होतात, नाहीतर १७२९ या संख्येवर. मुंबईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या एका मुलीने मात्र जेमतेम पाच मिनिटांच्या भाषणात वेगळाच प्रश्न घेतला. आवाज, भरती-ओहोटी आणि हृदयाचे ठोके यांच्याबद्दल वाचताना साइनची तीच ती लाट पुन्हा पुन्हा का भेटते?

या प्रश्नाला सरधोपट उत्तर असं दिलं जातं, की निसर्गाला लय आवडते. तिने ते दिलं नाही. ती म्हणाली, "तिन्ही ठिकाणी साइन आहे, पण तिन्ही ठिकाणची कारणं वेगळी आहेत. आणि तिसऱ्या ठिकाणी तर ती आपणच नेऊन ठेवली आहे." मला हे विधान फार महत्त्वाचं वाटलं. पाच मिनिटांत तिला ते उलगडायला वाव नव्हता, म्हणून इथे ते सविस्तर मांडतो.

तिने सुरुवात केली नादकाट्यापासून. रबरी ठोकळ्यावर आपटलेला नादकाटा कानाशी धरला, तर पहिल्या क्षणी एक बारीक, धातूचा किणकिणाट ऐकू येतो. तो मूळ सुराच्या सहापटीहून थोड्या जास्त वारंवारतेचा असतो. तो लगेच विरतो आणि मागे एकच स्वच्छ सूर राहतो. हा उरलेला सूर साइन तरंगाच्या फार जवळ जातो. असं होतं, कारण काट्याची भुजा मधल्या जागेवरून जितकी सरकते तितक्याच प्रमाणात पोलाद तिला मागे ओढतं. दुप्पट सरकली तर ओढ दुप्पट. टोकाला ओढ सर्वांत जास्त, पण वेग शून्य. मध्यावर ओढ शून्य, पण वेग सर्वांत जास्त, म्हणून भुजा तिथे न थांबता पलीकडे जाते. अंतराच्या प्रमाणात आणि उलट दिशेने ओढ, ही एकच अट गणितात मांडली की उत्तर म्हणून साइनचीच लाट येते, दुसरी कुठली येत नाही.

ही अट नादकाट्यापुरती नाही. स्थिर असलेली जवळपास कुठलीही गोष्ट किंचितशी हलवली, की तिला जागेवर आणणारी ओढ त्या किंचित अंतराच्या प्रमाणात असते. सतारीची तार, बासरीतली हवा, पुलाचा गर्डर, सगळ्यांना हे लागू आहे. मात्र 'किंचित' हा शब्द विसरून चालत नाही. ओढ खरोखर प्रमाणात आहे का, हे कानानेही तपासता येतं. नादकाटा हळू आपटा किंवा जोरात, आवाज लहानमोठा होतो, सूर तोच राहतो. ओढ प्रमाणाबाहेर वाढत असती, तर जोरात आपटल्यावर सूर चढला असता. सैल तार फार जोरात छेडली की सुरुवातीला सूर क्षणभर चढा लागतो, तो याच कारणाने. तिथे हालचाल 'किंचित' राहिलेली नसते.

मग ती समुद्राकडे वळली. ती कोळीवाड्यात राहते, आणि घरात भरतीची वेळ काढायची रीत तिने लहानपणापासून ऐकलेली: तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. त्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. कोकणच्या किनाऱ्यावर ही रीत पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. तिने फळ्यावर तिची उलटतपासणी केली. अमावस्येला भरती दुपारी बाराच्या आसपास असते आणि पंधरा तिथींनंतर, पौर्णिमेला, ती पुन्हा बाराच्याच आसपास येते. म्हणजे पंधरा तिथींत बारा तास सरकायला हवेत, एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. दर तिथीला तीन मिनिटांची तूट पडते आणि पौर्णिमेपर्यंत ती ४५ मिनिटांची होते. पण पौर्णिमेनंतर वद्य पक्षाची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, त्यामुळे चूक साचत जात नाही. तोंडी हिशेबाने होडी बाहेर काढणाऱ्या माणसाला एवढी अचूकता पुरते.

आता यात साइन कुठून आली? पाणी काही नादकाट्यासारखं स्वतःच्या सुरात डोलत नाही. त्याला चंद्र हलवतो. चंद्राची ओढ पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त आणि लांबच्या बाजूला कमी असते. या फरकामुळे पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना पाणी उचललं जाण्याची प्रवृत्ती असते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि चंद्रही पुढे सरकतो, म्हणून तोच चंद्र पुन्हा डोक्यावर यायला सुमारे २४ तास ५० मिनिटं लागतात, आणि एका भरतीनंतर दुसरी सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. इथे साइन येते ती फिरण्यातून. वर्तुळात एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या बिंदूची उंची काळासोबत मांडली, की साइनची लाट मिळते. सूर्यही समुद्राला हलवतो, पण त्याचा ठेका बरोबर १२ तासांचा.

हे दोन ठेके मुंबईत कसे मिसळतात ते ढोबळ आकड्यांत पाहू. अपोलो बंदरापाशी चंद्राची लाट सरासरी पातळीच्या वर-खाली साधारण १.२ मीटर जाते आणि सूर्याची साधारण अर्धा मीटर. सरासरी पातळी तक्त्यातल्या शून्यापासून सुमारे अडीच मीटरवर धरू. दोन्ही लाटा एकत्र चढल्या तर पाणी २.५ अधिक १.७, म्हणजे ४.२ मीटरपर्यंत चढतं आणि ओहोटीला ०.८ मीटरपर्यंत उतरतं. हे उधाण. एक चढत असताना दुसरी उतरत असेल तर उरतात फक्त ०.७ मीटर, पाणी ३.२ आणि १.८ यांच्यामध्येच खेळतं. ही भांगाची भरती. दोन ठेक्यांमधल्या पंचवीस मिनिटांच्या फरकामुळे लाटा पुन्हा जुळायला जवळपास पावणेपंधरा दिवस लागतात, आणि आपला पंधरवडा तेवढाच असतो. पाण्याला प्रतिसाद द्यायला थोडा उशीर लागत असल्याने सर्वांत मोठं उधाण ऐन पौर्णिमेला न येता एक-दोन दिवसांनी येतं.

उरलेल्या बारकाव्यांसाठी आणखी लाटा मिळवाव्या लागतात. चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला गेला की मुंबईत एकाच दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या राहत नाहीत. त्यासाठी दिवसातून एकदाच चढणाऱ्या लाटा लागतात. पावसाळ्यात मुंबईकर ज्या साडेचार मीटरच्या पुढच्या भरत्यांची धास्ती घेतात, त्या अशा बऱ्याच लाटा एकाच वेळी जुळल्यावर येतात. समुद्राचा एक गुण इथे कामी येतो. ज्या ठेक्याने त्याला हलवलं त्याच ठेक्याने तो हलतो. किनाऱ्याचा आकार आणि खोली लाटेची उंची बदलते, उशीर ठरवते, पण ठेका बदलत नाही. म्हणून तोच चंद्र खंबातच्या आखातात मुंबईहून किती तरी मोठी भरती आणतो आणि गोव्यात लहान. ठेके आकाशातून कळतात, प्रत्येक लाटेची उंची आणि उशीर मात्र त्या त्या बंदरात पाणी मोजूनच काढावा लागतो.

ही बेरीज हाताने करणं जिकिरीचं होतं. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यासाठी यंत्र करवून घेतलं. प्रत्येक लाटेसाठी एक कप्पी, ती आपल्या ठेक्याने वर-खाली होणार. सगळ्या कप्प्यांवरून एकच तार, आणि तारेच्या टोकाला लेखणी. कप्प्यांची बेरीज तारच करायची आणि लेखणी भरतीचा आलेख काढायची. १८७९ मध्ये भारतातल्या बंदरांच्या तक्त्यांसाठी लंडनमध्ये असंच एक वेगळं यंत्र तयार झालं.

पद्धतीला मर्यादाही आहेत. तक्त्यात वारा नसतो, वादळ नसतं. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला तर समुद्र सुमारे एक सेंटिमीटर चढतो, आणि ते कुठलाही चंद्र सांगत नाही. उथळ खाडीत आत शिरताना लाटेचा आकारही बिघडतो: पाणी भराभर चढतं आणि सावकाश उतरतं. खाडीकाठी राहणाऱ्यांनी हे पाहिलेलं असतं.

शेवटी हृदय. इथे तिने श्रोत्यांना ईसीजीचा कागद दाखवला. त्यावर लाट कुठे आहे? एक छोटा उंचवटा, मग सुईसारखं टोक, मग एक पसरट उंचवटा, आणि मधे सपाट रेघ. सुईचा भाग सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी वेळात उरकतो. ही साइन नाही, आणि ती नसण्याला कारण आहे. हृदयाचा ठेका धरणाऱ्या पेशी नादकाट्यासारख्या मागेपुढे डोलत नाहीत. नळाच्या तोंडाशी थेंब हळूहळू साचतो आणि एका क्षणी सुटतो, तसा त्यांच्यात विद्युतदाब सावकाश वाढतो, मर्यादा ओलांडली की झटकन सुटतो, आणि पुन्हा पहिल्यापासून साचू लागतो. १९२८ मध्ये व्हान डेर पोल आणि व्हान डेर मार्क या हॉलंडच्या दोघांनी विजेच्या मंडलांत नेमकी अशी आंदोलनं निर्माण करून हृदयाची प्रतिकृती मांडली होती.

तरी साइन इथे येते, ती हत्यार म्हणून. फूरिए यांच्या गणितानुसार ठरावीक काळाने परतणारा कुठलाही आकार साइन लाटांच्या बेरजेने उभा करता येतो. मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे सेकंदाला १.२. तेव्हा लाटा १.२, २.४, ३.६ अशा चढत्या क्रमाने घ्यायच्या. सेकंदाला ४० आंदोलनांपर्यंत थांबलो तर तेहतीस लाटा लागतात. तेवढ्यात ठोक्यांची लय नीट कळते, पण सुईचं टोक बुटकं होतं आणि बारीक खाचा पुसल्या जातात. म्हणून निदानासाठी काढलेल्या ईसीजीत सहसा १५० पर्यंत जातात, म्हणजे सव्वाशे लाटा. गंमत अशी, की ईसीजीवर कधी कधी एक अगदी नितळ साइन उमटलेली असते: सेकंदाला ५० आंदोलनांची थरथर. ती भिंतीतल्या वायरिंगची असते आणि यंत्रात ती गाळण्याची सोय असते.

आणि एका परिस्थितीत हृदय खरोखरच साइनसारखा आलेख काढू लागतं. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर रक्तातलं पोटॅशियम वाढतं. ते फारच वाढलं की हृदयाच्या स्नायूंतून विद्युतसंदेश रेंगाळत जातो, सुईचं टोक रुंद होत होत शेवटच्या उंचवट्यात मिसळतं, सपाट रेघ नाहीशी होते आणि कागदावर गुळगुळीत लाट वाहू लागते. अशी लाट दिसली की हृदय केव्हाही थांबू शकतं. डॉक्टर अशा वेळी रक्ततपासणीच्या अहवालाची वाट पाहत नाहीत, कॅल्शियमचं इंजेक्शन लगेच देतात.