राजीनामा दिल्यावर मालक म्हणतो, "थांब, पगार वाढवतो"

आपल्या गटातल्या बऱ्याच जणी आता कारखान्यात, पॅकिंगला, दवाखान्यात कामाला जातात. त्यातल्या एका ताईची गोष्ट आज सांगतो.

ताई मसाल्याच्या युनिटमध्ये सव्वाचार वर्षं कामाला. पगार ९,५०० रुपये. सुटायला सात वाजायचे आणि शेवटची एसटी सव्वासहाला निघून जायची. मग टमटमला रोज ३० रुपये, आणि घरी लेक एकटी. दुसरीकडे ११,००० रुपयांचं, साडेपाचला सुटणारं काम मिळालं, म्हणून तिनं राजीनामा दिला. मालक लगेच म्हणाले, "११,५०० देतो, कागद परत घे."

ताईनं तिथल्या तिथे होही म्हटलं नाही आणि नाहीही. "साहेब, सोमवारी सांगते," एवढंच बोलली. संध्याकाळी आम्ही कागद घेऊन बसलो.

पहिला प्रश्न, राजीनामा का दिला होता? वेळेसाठी. वाढीव पगारात वेळ बदलत नव्हती. महिन्याचे २६ दिवस टमटमचे ७८० रुपये वजा केले की हातात १०,७२० उरत होते, म्हणजे नव्या कामापेक्षा कमीच.

दुसरा, वाढ कशात देणार? मूळ पगारात दिली तर पीएफही वाढतो. हजेरी भत्ता म्हणून दिली तर एखादा खाडा झाला की कापली जाऊ शकते. म्हणून वाढ लेखी मागायची.

तिसरा प्रश्न ग्रॅच्युइटीचा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी कायम कामगारानं सलग ५ वर्षं भरली की दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळतो. ताईचा मूळ पगार ७,८००. त्याला २६ नं भागलं की दिवसाचे ३०० रुपये. १५ दिवसांचे ४,५०० आणि पाच वर्षांचे २२,५००. आत्ता सोडलं तर ही रक्कम जाणार होती. नऊ महिनेच बाकी होते. इथे आम्ही सगळ्याच गप्प झालो.

सोमवारी ताईनं मालकांना विचारलं, "वाढ मूळ पगारात आणि साडेपाचला सुट्टी, असं लिहून द्याल का? मी राहते." मालकांनी पगाराचं लिहून दिलं. वेळेचं मात्र "बघू" म्हणाले.

ताईनं नवं काम धरलं. "साहेब, तुम्ही थांबवलंत, बरं वाटलं. पण माझी अडचण वेळेची आहे," असं सांगून, नोटिशीचे दिवस भरून, अनुभवाचा दाखला घेऊन निघाली. पीएफ काढला नाही, त्याच यूएएन नंबरवर नव्या ठिकाणी वळवून घेतला. वेळ लेखी मिळाली असती तर ती राहिली असती, आणि नव्या ठिकाणी त्याच दिवशी फोन करून नाही कळवलं असतं.

साडेबावीस हजार गेले, याचं तिला वाईट वाटतं. पण ती म्हणते, "गेले ते मोजून गेले. लेक आता दारात एकटी बसत नाही."