वळण कुठे सुरू झालं?

पेइचिंगच्या चाओयांगमन भागात ‘गॅलेक्सी सोहो’ नावाची इमारत आहे. झाहा हदीद यांच्या कार्यालयानं आखलेली ही इमारत 2012 मध्ये पूर्ण झाली. चार मोठे गोलाकार घुमट एकमेकांना पुलांनी जोडलेले आहेत, आणि प्रत्येक मजल्याच्या कडेनं पांढऱ्या ॲल्युमिनियमचा एक पट्टा फिरतो. त्याच्या वर काच, काचेवर पुन्हा ॲल्युमिनियम, असे पट्टे एकावर एक वाहत जातात. इमारतीला कोपरा म्हणून नाहीच. पट्ट्यावर नजर ठेवून चालत राहिलं, तर सरळ भाग कुठे संपला आणि वळण कुठे सुरू झालं, हे बोट ठेवून सांगता येत नाही. हे न सांगता येणं फार कष्टानं साधलेलं असतं. कागदावर वळण काढणं सोपं. ते काच आणि धातूच्या हजारो तुकड्यांतून अखंड दिसेल असं उभं करणं मात्र मोठं अवघड काम आहे.

समजा, एका मजल्याची कडा काही अंतर सरळ जाते आणि मग काटकोनात वळते. कोपरा गोल करायचा म्हणून आपण 12 मीटर त्रिज्येचा वर्तुळाचा तुकडा तिथे बसवला. सरळ रेषा वर्तुळाला अचूक स्पर्श करते, कुठेही टोक निघत नाही. हाताला हा सांधा जाणवणार नाही, डोळ्याला मात्र जाणवतो. कारण रेषेची दिशा जुळली असली, तरी वळण्याचा वेग जुळलेला नाही. सांध्याच्या अलीकडे वक्रता शून्य आहे आणि पलीकडे ती एकदम पूर्ण भरते. रेल्वेचे रूळ सहसा असे टाकत नाहीत. सरळ रुळानंतर थेट वर्तुळ आलं तर डब्यातल्या माणसांना एका बाजूला झटका बसेल, म्हणून मध्ये असा तुकडा घालतात ज्यात वळण शून्यापासून हळूहळू वाढत जातं. इमारतीच्या बाबतीत हा झटका प्रतिबिंबाला बसतो.

चकचकीत पृष्ठभागाकडे बघताना आपण खरं तर त्यात उमटलेलं आभाळ, समोरच्या इमारतीच्या कडा, दिव्यांच्या रांगा बघत असतो. दोन पृष्ठभाग नुसते टोकाला टोक लावून जोडले असतील, तर सांध्यावर प्रतिबिंब तुटून बाजूला सरकतं. दिशा जुळलेली असेल तर ते तुटत नाही, पण तिथे त्याला कोन पडतो. वक्रताही जुळलेली असेल तरच ते न अडखळता पुढे जातं. मोटारीचा पत्रा घडवणाऱ्यांना हे आधी कळलं. फ्रान्समध्ये रेनोच्या कारखान्यात पिएर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो यांनी गाडीच्या अंगाचे वक्र गणितात बांधण्याच्या रीती शोधल्या. आज इमारतींचे आराखडे ज्या सॉफ्टवेअरमध्ये होतात, त्यांच्या मुळाशी तेच गणित आहे. राइनोमध्ये `Zebra` ही आज्ञा दिली की आकारावर काळे-पांढरे पट्टे उमटतात. सांध्यावर पट्ट्याला कोन पडला, की वक्रता तिथे तुटली आहे असं समजायचं. वास्तुकाराच्या कार्यालयात ही तपासणी लवकर झाली तर बरं, कारण बांधकाम झाल्यावर तीच तपासणी सूर्य करतो आणि तेव्हा दुरुस्ती हातात उरलेली नसते.

आपल्या कोपऱ्याकडे परत येऊ. सरळ रेषा आणि वर्तुळ यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना 12-12 मीटरचा संक्रमणाचा तुकडा घातला, तर मधलं वर्तुळ जेमतेम 7 मीटरचं उरतं. पूर्वी सुमारे 19 मीटरमध्ये संपणारा कोपरा आता जवळपास 31 मीटर घेतो. म्हणजे गुळगुळीत वळणाला जागा द्यावी लागते, आणि ती मजल्याच्या क्षेत्रफळातून जाते. मालकाशी पहिली घासाघीस होते ती इथेच.

आता या कडेवर काच लावू. दीड मीटर रुंदीच्या सपाट काचा एकापुढे एक उभ्या केल्या. नुसत्या वर्तुळाच्या कोपऱ्यात शेजारच्या दोन काचांमधला कोन शून्यावरून एकदम सात अंशांवर जातो. संक्रमणाच्या तुकड्यात तो साधारण 0.9 अंश, मग 1.8, मग 2.7 असा चढत चढत सातापर्यंत पोहोचतो. प्रत्येक काच सपाट आणि एकाच मापाची आहे, बदलतो तो फक्त कोन. तो कोन दोन काचांमधल्या उभ्या चौकटीत, म्हणजे मुलियनच्या रबरी पट्टीत सामावून घेता येतो. पॅरामेट्रिक म्हणतात ते यालाच. काचा एकेक करून आखायच्या नाहीत. कडेची रेषा, काचेची रुंदी आणि कोनाची मर्यादा यांच्यातलं नातं लिहून ठेवायचं. रेषा थोडी सरकवली की सगळ्या काचांचे कोन आणि मुलियनच्या जागा नव्यानं निघतात. ग्रासहॉपर हे या कामाचं सर्वांत ओळखीचं साधन. पण नातं चुकीचं लिहिलं, तर तेही तितक्याच तत्परतेनं हजार चुकीचे तुकडे काढून देतं.

सपाट काचेला एक मर्यादा आहे. 12 मीटर त्रिज्येच्या वळणावर दीड मीटरची काच मधोमध मूळ वळणापासून 23 मिलिमीटर आत राहते. त्रिज्या 60 मीटर असेल तर हेच अंतर 5 मिलिमीटरच्या आत येतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. काच पट्ट्याच्या मागे, सावलीत बसवली असेल तर 23 मिलिमीटरही लपून जातात, कारण पुढे आलेला धातूचा पट्टा अखंड वळतो आणि नजर त्यालाच धरून चालते. पट्ट्यांच्या रचनेचं खरं शहाणपण मला यात दिसतं. काच उभी आणि शक्य तितकी साधी ठेवायची, आणि उतार, पीळ, फुगवटा असं अवघड काम धातूकडे द्यायचं.

काच आणि धातू एकाच पातळीत हवेत असा आग्रह असेल, तर काच वाकवावीच लागते. एक वाट म्हणजे ती भट्टीत मऊ करून साच्यावर बसवणं. दुसरी वाट म्हणजे कडक केलेली सपाट काच जागेवर नेऊन दाबून वाकवणं आणि तशीच चौकटीत पकडून ठेवणं. 8 मिलिमीटर जाडीची काच 12 मीटर त्रिज्येवर अशी दाबली, तर तिच्यात सुमारे 23 मेगापास्कल ताण कायमचा राहतो. कडक केलेली काच हे सहन करते, साधी काच आज ना उद्या तडकेल. शिवाय वाऱ्याचा दाब यावर आणखी येणार असतो, आणि दुहेरी काच असेल तर तिच्या कडेचं सीलही सतत ताणलेलं राहतं. म्हणून काच किती वाकवायची हे सौंदर्यदृष्टी ठरवत नाही, ती कडेची चिकट पट्टी ठरवते.

धातूची गोष्ट वेगळी. पत्रा एकाच दिशेनं वाकवायचा असेल तर रोलरमधून काढला की झालं. पण पट्टा वळतही असेल आणि त्याच वेळी बाहेर फुगतही असेल, तर सपाट पत्रा नुसता वाकून तो आकार घेत नाही. त्याला कुठेतरी ताणावंच लागतं. हा भूमितीचा नियम आहे, कारागिराच्या कौशल्याचा प्रश्न नाही. याचं सर्वांत मोठं उदाहरण दक्षिण कोरियात सोलमध्ये आहे. हदीद यांच्याच कार्यालयाचं दोंगदेमुन डिझाइन प्लाझा 2014 मध्ये खुलं झालं. त्याच्या अंगावर ॲल्युमिनियमची 45,133 पॅनेल आहेत. त्यातली 13,841 सपाट, 9,554 एकाच दिशेनं वाकलेली आणि 21,738 दोन्ही दिशांनी वाकलेली. ही शेवटची संख्या कुठल्याही कारखान्याला घाम फोडणारी आहे. प्रत्येकासाठी लोखंडी साचा ओतला असता तर इमारत उभीच राहिली नसती. म्हणून असं यंत्र वापरलं ज्याच्या तळाशी खालीवर होणाऱ्या खिळ्यांची जाळी असते. संगणक प्रत्येक खिळ्याची उंची ठरवतो, त्यातून हवा तो आकार तयार होतो, आणि कडा पकडून पत्रा त्यावर ताणला जातो. पुढच्या पॅनेलसाठी तेच खिळे नव्या उंचीवर जातात.

ताणून सोडलेला पत्रा थोडा मागे येतो, म्हणून साचा हव्या आकारापेक्षा किंचित जास्त वाकडा ठेवावा लागतो. ताण कमी पडला तर मधला भाग ढिला राहतो आणि उन्हात तिथे डबक्यासारखी चमक हलताना दिसते. हा दोष पॅनेल आडवं ठेवून वरून बघितलं तर कळत नाही. ते उभं करून, एका कडेजवळ डोळा नेऊन, लांबच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावरून सरकवत न्यायचं. ती रेघ जिथे थरथरते, तिथे पत्रा चुकला आहे.

इतकं सगळं जमल्यावर साइटवर काँक्रीट भेटतं. वळणदार स्लॅबची कडा बहुधा छोट्या सरळ फळ्यांच्या साच्यात ओततात, आणि ती आराखड्यापासून दोन-अडीच सेंटिमीटर इकडेतिकडे होणं सहज घडतं. पॅनेल मात्र मिलिमीटरच्या हिशेबानं आलेलं असतं. हा फरक ब्रॅकेट गिळतात. त्यांना तिन्ही दिशांना सरकण्यासाठी लांबट भोकं असतात. सर्व्हेअर टोटल स्टेशन लावून प्रत्येक ब्रॅकेटचा बिंदू आकाशातल्या तीन अंकांनी ठरवतो, स्लॅबच्या कडेपासून टेप लावून नाही. टेप लावला की स्लॅबची चूक पट्ट्यात उतरलीच.

पॅनेलांच्या मध्ये फट ठेवावीच लागते. 3 मीटर लांबीचं ॲल्युमिनियम हिवाळ्याच्या पहाटेपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत 60 अंशांचा फरक सोसत असेल, तर त्याची लांबी सुमारे 4 मिलिमीटर बदलते. म्हणजे अखंड दिसणारा पट्टा खरं तर फटींनी तोडलेलाच असतो. म्हणून त्या फटींची दिशाही वळणाशी जुळवून आखतात, आणि शेजारच्या दोन पॅनेलांच्या कडा समपातळीत आहेत की नाहीत हे दुपारी न बघता संध्याकाळी, तिरप्या उन्हात बघतात. दोन मिलिमीटरची पायरीसुद्धा तेव्हा लांब सावली टाकते.

वळण आत जाणारं असेल तर आणखी एक गोष्ट आधी तपासायला हवी. लंडनमध्ये 20 फेनचर्च स्ट्रीट या उंच इमारतीची काचेची बाजू आत वळलेली आहे. 2013 मध्ये बांधकाम चालू असतानाच तिनं ऊन रस्त्यावर एकवटलं आणि खाली उभ्या केलेल्या एका मोटारीचे काही भाग वितळले. पुढच्या वर्षी त्या बाजूवर ऊन अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. तिथे वक्रता गुळगुळीत होती, आणि म्हणूनच ऊन इतकं नीट एकत्र आलं. खडबडीत भिंतीनं ते विखुरलं असतं.

आणि मग वर्षांनंतर कधीतरी एखादं पॅनेल पोचतं, धुण्याच्या पाळण्याची कड लागून किंवा कशानंही. दोन्ही दिशांनी वाकलेल्या पॅनेलला जुळा भाऊ नसतो. त्याच्या मागच्या बाजूला कोरलेला क्रमांक आणि त्या क्रमांकाची फाइल मालकाकडे जपलेली असेल, तर नवं बनवता येतं. रंग मात्र शेजारच्या उन्हात मुरलेल्या पॅनेलांशी जुळत नाही, म्हणून जाणते मालक बांधकामाच्या वेळीच सर्वांत धोक्याच्या जागांची, विशेषतः जमिनीलगतच्या पट्ट्यांची, काही जादा पॅनेल बनवून गच्चीवर उघड्यावर ठेवतात. बाकीच्यांसोबत तीही उन्हा-पावसात म्हातारी होतात.