विश्लेषण : मागितलेली वेळ रिकामी नाही, मग तीन पर्याय कसे द्यावेत?

‘शनिवारी संध्याकाळी सहाला येऊ का?’ दातांच्या दवाखान्यात दिवसातून अनेकदा हा फोन येतो. शनिवारची संध्याकाळ बहुतेक वेळा आधीच भरलेली असते. मग ‘नाही हो, फुल आहे, पुढच्या आठवड्यात फोन करा’ असे उत्तर जाते आणि रुग्ण गळतो. रूट कॅनाल अर्धवट झालेले असेल, तर प्रश्न फक्त गैरसोयीचा राहत नाही. दातावर घेतलेली मेहनतही वाया जाऊ शकते. अशा वेळी ‘नाही’ म्हणतानाच तीन ठोस वेळा पुढे ठेवणे हा अनेक दवाखान्यांनी अंगवळणी पाडलेला मार्ग आहे. मात्र वहीतल्या रिकाम्या दिसतील त्या तीन वेळा सांगून काम भागत नाही.

रूट कॅनालमध्ये पुढची वेळ इतकी महत्त्वाची का?

रूट कॅनाल दोन बैठकांत करायचे ठरले, की पहिल्या बैठकीत दाताच्या आतली नळी साफ केली जाते, तिच्यात औषध ठेवले जाते आणि वरून तात्पुरते सिमेंट भरले जाते. हे सिमेंट कायमचे नसते. चावताना ते झिजते, कडेने सुटते. ते सुटले, की लाळेबरोबर जंतू पुन्हा आत जातात आणि साफ केलेली नळी पुन्हा साफ करावी लागते. ठणका थांबलेला असल्याने रुग्णाला मात्र काम संपल्यासारखे वाटते. म्हणून पुढच्या बैठकीसाठी डॉक्टर मुदत सांगतात. ही मुदत दातानुसार बदलते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते.

यातून पहिला नियम निघतो. तिन्ही पर्याय डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीच्या आतलेच हवेत. त्यासाठी रुग्णाच्या कागदावर ‘आठवड्याने’ असे मोघम न लिहिता ‘१६ जूनच्या आत, ४५ मिनिटे’ अशी नोंद असावी. रिसेप्शनवर बसणाऱ्या व्यक्तीला तारीख आणि लागणारा वेळ या दोन गोष्टी कळल्या, की प्रत्येक फोनला डॉक्टरांना विचारत बसावे लागत नाही.

तीनच का? एक किंवा पाच का नाहीत?

एकच वेळ सांगितली, तर समोरचा ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो. ‘नाही’ म्हटले की बोलणे पुन्हा सुरुवातीला येते. पाच-सहा वेळा फोनवर सांगितल्या, तर शेवटची ऐकेपर्यंत पहिली विसरली जाते. तीन लक्षात राहतात.

दुसरे कारण वहीचे आहे. सुचवलेली प्रत्येक वेळ उत्तर येईपर्यंत राखून ठेवावी लागते. एका खुर्चीच्या दवाखान्यात संध्याकाळी ५ ते ९ या चार तासांत ४५ मिनिटांच्या पाचच बैठका बसतात. त्यांतल्या तीन एकाच रुग्णासाठी अडवल्या, तर बाकीच्यांना द्यायला दोनच उरतात. म्हणून तीन पर्याय तीन वेगवेगळ्या दिवसांचे असलेले बरे. त्यामुळे एका रुग्णापायी एका संध्याकाळची एकच जागा अडकते.

तीन वेळा निवडायच्या कशा?

एक उदाहरण घेऊ. दवाखाना सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९ उघडा असतो; रविवारी बंद. नोकरी करणाऱ्या एका बाईंची पहिली बैठक शनिवारी, ६ जूनला झाली आहे. डॉक्टरांची मुदत १६ जूनपर्यंत. मंगळवारी, ९ जूनला त्यांचा फोन येतो : ‘शनिवारी सहाला द्या.’ १३ जूनची सहाची वेळ भरलेली आहे.

इथे आधी एकच प्रश्न विचारावा : ‘संध्याकाळीच जमतं, की सकाळीही चालेल?’ बाई सांगतात, ‘संध्याकाळ बरी, पण सोमवारी मी उशिरा कामावर जाते.’ या एका वाक्याने वहीतल्या अर्ध्या रिकाम्या जागा बाद होतात आणि एक नवी जागा सापडते.

आता त्यांच्या मागणीचे दोन भाग दिसतात : शनिवार हा वार आणि सहा ही वेळ. पहिला पर्याय वार तोच ठेवून वेळ बदलणारा : शनिवारी रात्री ८. दुसरा वेळ तीच ठेवून वार बदलणारा : शुक्रवारी संध्याकाळी ६. तिसरा दोन्ही बदलणारा, पण त्यांच्या सोयीत बसणारा : सोमवारी सकाळी १०.३०. तिन्ही १६ जूनच्या आत आहेत आणि तिन्ही ठिकाणी सलग ४५ मिनिटे मोकळी आहेत. याउलट बुधवार, गुरुवार, शुक्रवार सकाळी ११ असे तीन पर्याय दिले असते, तर नोकरदार बाईंसाठी ते तीन नव्हे, एकाच नकाराचे तीन प्रकार ठरले असते.

सांगताना घोटाळा कुठे होतो?

पहिला घोटाळा वारांचा. मंगळवारी बोलताना ‘पुढचा शनिवार’ म्हटले, तर कुणी १३ तारीख धरतो, कुणी २०. ‘परवा’ हा शब्द मराठीत मागेही जातो आणि पुढेही. म्हणून वार आणि तारीख नेहमी जोडीने सांगावी.

दुसरा घोटाळा तासांचा. फोनवर गाड्यांच्या आवाजात ‘सव्वासहा’ आणि ‘साडेसहा’ यांची गल्लत होते. ‘पावणेआठ’ म्हणजे सात पंचेचाळीस, हे इंग्रजी माध्यमात शिकलेल्या तरुण रुग्णाला चटकन उमगेलच असे नाही. तो आठनंतर येऊन उभा राहतो. त्यामुळे ‘पावणेआठ, म्हणजे सात पंचेचाळीस’ असे दोन्ही तऱ्हेने म्हणावे. सकाळ की संध्याकाळ हेही प्रत्येक वेळी सांगावे.

तिसरा घोटाळा पर्यायांना दिलेल्या क्रमांकांचा, आणि तो सहसा लक्षात येत नाही. पर्यायांना १, २, ३ असे क्रमांक दिले आणि रुग्णाने नुसते ‘१’ असे उत्तर पाठवले, तर तो पहिला पर्याय की दुपारचा एक, असा प्रश्न पडू शकतो. अ, ब, क अशी अक्षरे वापरली, की हा गोंधळ उरत नाही.

संदेश कसा लिहावा?

फोनवर बोलणे झाले, तरी तेच लगेच लिहून पाठवावे. फोनवर मागणीच्या सर्वांत जवळचा पर्याय आधी सांगितला तरी चालतो. लिहिताना मात्र तारखांच्या क्रमाने लिहावे, म्हणजे रुग्ण स्वतःच्या कामांशी सहज ताडून पाहू शकतो. वरच्या उदाहरणातला संदेश असा होईल :

‘नमस्कार. शनिवार, १३ जून, संध्याकाळी ६ ही वेळ उपलब्ध नाही. रूट कॅनालच्या दुसऱ्या बैठकीसाठी (सुमारे ४५ मिनिटे) पुढील वेळा राखून ठेवल्या आहेत :

अ) शुक्रवार, १२ जून, संध्याकाळी ६.००
ब) शनिवार, १३ जून, रात्री ८.००
क) सोमवार, १५ जून, सकाळी १०.३०

कृपया अ, ब किंवा क असे कळवा. या वेळा आज, मंगळवारी, रात्री ९ पर्यंत राखीव आहेत. आमचे उत्तर आल्यावर वेळ पक्की समजावी.’

‘नाही’ हे पहिल्याच ओळीत आणि स्वच्छ आहे. ते मोघम ठेवले, की शनिवारी सहालाच कुठेतरी बसवून घेतील, अशी आशा रुग्णाला राहते. शेवटची दोन वाक्येही गाळू नयेत. राखीव मुदत लिहिली नाही, तर बुधवारी दुपारी ‘अ’ असे उत्तर येते, तोवर ती जागा दुसऱ्याला गेलेली असते आणि शुक्रवारी सहाला दोघे जण दारात उभे राहतात.

उत्तर आल्यावर काय करावे?

समजा, बाईंचे उत्तर आले : ‘६ चालेल.’ यादीत सहाची वेळ एकच आहे, शुक्रवारची. म्हणून रिसेप्शनवर शुक्रवार नोंदवण्याचा मोह होईल. पण बाईंच्या मनात पहिल्यापासून शनिवारचे सहा आहेत. कामाच्या गडबडीत त्यांनी पहिली ओळ वाचलीच नसेल, तर त्या शुक्रवारी येणार नाहीत आणि शनिवारी येतील. एक बैठक रिकामी जाईल आणि दुसऱ्या दिवशी वाद होईल. म्हणून उलट विचारावे : ‘म्हणजे अ, शुक्रवार, १२ जून, संध्याकाळी ६ ना?’ त्यांचा होकार आल्यावरच वेळ पक्की झाल्याचे कळवावे.

वहीत राखीव वेळ पेन्सिलने आणि पक्की वेळ पेनाने लिहिण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. पेन्सिलच्या नोंदीपुढे रुग्णाचे नाव आणि ‘मंगळ रात्री ९’ अशी मुदत लिहावी. एक वेळ पक्की झाली, की उरलेल्या दोन त्याच क्षणी खोडाव्यात. वही एकच असावी. रिसेप्शनची वही वेगळी आणि डॉक्टरांच्या मोबाइलमधले कॅलेंडर वेगळे असेल, तर एकच जागा दोघांना दिली जाते.

तिन्ही वेळा जमल्या नाहीत तर?

लगेच आणखी तीन वेळा सुचवू नयेत. काय अडले ते आधी विचारावे : वार, वेळ की ४५ मिनिटांची लांबी? उत्तरानुसार फार तर एक-दोन नेमक्या वेळा शोधाव्यात. त्याही जमत नसतील आणि मुदत संपत आली असेल, तर निर्णय रिसेप्शनवर न घेता डॉक्टरांकडे न्यावा. बैठक किती लांबवता येईल, की तोवर नुसते सिमेंट बदलण्यासाठी थोडा वेळ बोलवावे, हे तेच सांगू शकतात.

मूळ वेळेचाच आग्रह असेल, तर रुग्णाला प्रतीक्षायादीत घेता येते. पण एक पर्याय पक्का करूनच. ‘सोमवारची तुमची वेळ पक्की आहे. शनिवारी सहाची जागा रिकामी झाली, तर शुक्रवारी रात्री ९ पर्यंत कळवू. फोन आला नाही, तर सोमवारीच या.’ एवढे सांगितले, की वेळ बदलली नाही तरी उपचार मुदतीत होतो.

पर्याय देऊच नयेत, असे केव्हा?

फोनवर रुग्णाने गालाला किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास असे काही सांगितले, तर वहीत रिकाम्या जागा शोधत बसू नये. संसर्ग पसरत असल्याची ही लक्षणे असू शकतात. फोन त्याच क्षणी डॉक्टरांकडे द्यावा. श्वास घ्यायला त्रास असेल तर थेट रुग्णालयात जायला सांगावे. म्हणूनच वेळ सुचवण्याआधी ‘सध्या दुखतंय का, सूज आहे का?’ एवढे विचारून घ्यावे. उत्तर ‘नाही’ आले, तरच अ, ब, क कडे वळावे.