ऐंशी मीटर चालतं, सत्तर चालत नाही

नव्या ऑफिसचं वायरिंग ठरवताना मालक दोन प्रश्न हमखास विचारतो: कॅट सिक्स टाकायची की कॅट सिक्स ए, आणि केबल लांब झाली की नेट स्लो होतं का? हे दोन्ही प्रश्न एकदमच सोडवावे लागतात.

आधी एक गैरसमज दूर करू. केबल लांब झाली म्हणून स्पीड थोडाथोडा कमी होत जात नाही. तारेतून सिग्नल जायला मीटरला साधारण पाच नॅनोसेकंद लागतात, म्हणजे शंभर मीटरला अर्धा मायक्रोसेकंद. तेवढा उशीर कुणाच्या लक्षातही येणार नाही. अडचण येते ती सिग्नलच्या ताकदीची. अंतराबरोबर सिग्नल क्षीण होतो, शेजारच्या जोड्यांची कुजबुज मात्र तशीच राहते. पलीकडच्या यंत्राला दोन्हींतला फरक कळेनासा झाला की चुका सुरू होतात. तोवर सगळं अगदी पूर्ण वेगात चाललेलं असतं.

म्हणूनच मर्यादा वेगाप्रमाणे बदलते. एक गिगाबिटसाठी कॅट फाइव्ह ई असो की कॅट सिक्स, शंभर मीटर मिळतात. त्यातले नव्वद मीटर भिंतीतल्या आणि छतातल्या पक्क्या केबलचे आणि दहा मीटर दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डचे. पॅच कॉर्डमध्ये बारीक तारांचा पीळ असतो, त्यात सिग्नल जास्त झिजतो. म्हणून ती लांबवून उपयोग नाही. दहा गिगाबिटला मात्र कॅट सिक्सची हद्द पंचावन्न मीटरवर येते, आणि केबल घट्ट जुडग्यात बांधलेल्या असतील तर सदतीसवर. कॅट सिक्स ए तोच वेग पूर्ण शंभर मीटर नेते, कारण तिची घडण ५०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या सिग्नलसाठी असते, कॅट सिक्सची २५०पर्यंतच.

आता एक मजला घेऊ: ४५ मीटर लांब, १६ मीटर रुंद, रॅक एका कोपऱ्यात. नकाशावर पट्टी ठेवली तर समोरच्या कोपऱ्यातलं टेबल ४८ मीटरवर दिसतं. पण केबल काही तिरकी उडत जात नाही. रॅकमधून ट्रेपर्यंत अडीच मीटर वर, मग ४५, मग १६, टेबलाशी तीन मीटर खाली, आणि दोन्ही टोकांना मिळून साडेतीन मीटर वेटोळं. झाले सत्तर. दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड धरून पंचाहत्तर. गिगाबिटला ही लांबी अगदी निवांत आहे, कॅट सिक्सवरच्या दहा गिगाबिटला मात्र हद्दीबाहेर.

रॅक लांब भिंतीच्या मध्यावर हलवला तर ४५चे साडेबावीस होतात आणि एकूण लांबी साडेबावन्नवर येते. पंचावन्नच्या आत, पण सदतीसच्या बाहेर. म्हणजे जुडगं सैल राखलं तरच जमेल. बहुतेक कारागीर ट्रेमध्ये चाळीस केबल एकसारख्या ओढून झिप टाय कचकचून आवळतात. दिसायला फार सुंदर, पण एकमेकींची कुजबुज पकडायला याहून चांगली व्यवस्था नाही.

या दोषाची खूण अशी: पहिल्या दिवशी एकच मशीन लावून पाहिलं तर दहा गिगाबिट झकास मिळतं. शेजारची पोर्ट एकेक चालू होत गेली की चुका वाढतात, कारण कुणी फाइल पाठवत नसतानाही लिंक जोडलेली यंत्रं तारेवर सतत सिग्नल सोडत असतात. मग लिंक तुटून पुन्हा जोडली जाते, किंवा पाच अथवा एक गिगाबिटवर उतरते. स्विचवर सीआरसी एररचा आकडा चढतो. लिनक्स मशीनवर असं पाहता येतं:

```
ethtool eth0
ethtool -S eth0
```

पहिल्या आज्ञेच्या उत्तरात `Speed` समोर ठरलेला वेग दिसतो, दुसरीत चुकांचे आकडे. गिगाबिटच्या केबलवर इथे `100Mb/s` दिसलं तर आधी लांबीला दोष देऊ नका. चारपैकी एखादी जोडी नीट बसलेली नसणं हेच बहुधा कारण असतं.

दिव्यांचा स्वस्त टेस्टर फक्त तारा योग्य जागी जोडल्या आहेत का एवढंच सांगतो. सिग्नल किती झिजतो हे सर्टिफिकेशनच्या यंत्रानेच कळतं, म्हणून कॉन्ट्रॅक्टरकडून प्रत्येक पॉइंटचा तो रिपोर्ट मागा आणि पैसे त्यानंतर द्या. लांबी तपासायला तर यंत्रही नको. केबलच्या आवरणावर फूट किंवा मीटरचे आकडे छापलेले असतात. दोन्ही टोकांचे आकडे वजा केले की झालं. तिथेच सीसीए अशी अक्षरं दिसली तर ती केबल परत पाठवा. ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं, त्याचा विद्युतरोध जास्त, आणि केबलवरूनच वीज घेणारे कॅमेरे लांब अंतरावर बंद पडू लागतात.

माझं मत विचाराल तर साध्या टेबलांना कॅट सिक्स पुरे. त्यांना दहा गिगाबिट लागत नाही. छतावरच्या वायफाय पॉइंटना, आणि मोठ्या व्हिडिओ फाइलींवर काम करणाऱ्यांच्या टेबलांना कॅट सिक्स ए टाका. ती जाड असते, पाइप आणि ट्रेमध्ये जागा जास्त ठेवा. नव्वद मीटरच्या पलीकडचा कोपरा असेल तर तिथे दुसरा छोटा रॅक बसवा आणि दोन्ही रॅक फायबरने जोडा. ओएम थ्री फायबरवर दहा गिगाबिट तीनशे मीटर जातं.